कपाटातलं अर्धा लिटर पाणी

डांबर गोळीने बुरशी अडत नाही. कापराने, लवंगेने, वाळ्याच्या जुडीने किंवा कडुनिंबाच्या पाल्यानेही नाही. या सगळ्यांचा थोडाफार उपयोग असतो तो किड्यांवर आणि आपल्या नाकावर. पावसाळ्यात कपाट उघडलं की येणारा कुबट वास आणि बाळंतविड्यातल्या दुपट्यावर किंवा ठेवणीतल्या साडीवर दिसणारे काळपट ठिपके यांचं कारण कीड नसून पाणी आहे. हे पाणी छतातून किंवा भिंतीतूनच आलेलं असतं असंही नाही. बहुतेक वेळा ते आपणच घडी घालून कपाटात ठेवलेलं असतं.

बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्यावरही ते असतात आणि कोरड्या कपड्यावर ते वर्षानुवर्षं नुसते पडून राहतात. कपड्यालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या आत असेल तर त्यांना रुजता येत नाही. ती ७५ च्या आसपास रेंगाळली तर काही आठवड्यांत आणि ९० च्या वर गेली तर काही दिवसांतच बुरशी धरते. मुंबईत, रत्नागिरीला किंवा पणजीला जुलैतली हवा दिवसचे दिवस ८५ ते ९० च्या घरात असते, तापमानही बुरशीला मानवणारं, सत्तावीस-अठ्ठावीस अंश. त्यामुळे किनारपट्टीवर बाहेरच्या हवेशी मोकळा संबंध असलेलं कुठलंही कपाट ऑगस्टपर्यंत धोक्याच्या पट्ट्यात जाणारच. प्रश्न उरतो तो एवढाच, की आपले कपडे त्या पट्ट्यात किती उशिरा पोचतील. चार महिने उशीर करता आला तर काम झालं. तोवर ऑक्टोबरचं ऊन येतं.

हा उशीर कसा करायचा ते कळण्यासाठी आधी कपडा स्वतः किती पाणी बाळगतो हे पाहायला हवं. हाताला अगदी कोरडा लागणारा कपडाही निर्जल नसतो. कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आपल्याकडे २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता प्रमाण धरतात. या हवेत ठेवलेल्या सुती कापडात त्याच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी असतं. रेशमात ११, लोकरीत १६ टक्क्यांच्या आसपास. रेयॉन किंवा व्हिस्कोस हातात घेतलं की सिंथेटिक वाटतं, पण ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं आणि सुतापेक्षाही जास्त, १२-१३ टक्के पाणी धरतं. पॉलिस्टरमध्ये मात्र अर्धा टक्काही नसतं. हवा दमट झाली की हे सगळे आकडे वर जातात, हवा कोरडी झाली की उतरतात.

घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर हे प्रत्यक्ष पाहता येतं. मे महिन्यात कडक उन्हात चांगली तापलेली सुती साडी घडी करून लगेच तोला आणि आकडा लिहून ठेवा. तीच साडी जुलैत, दोन दिवस दांडीवर राहिल्यानंतर, पुन्हा तोला. अर्धा किलोच्या साडीत तीस-चाळीस ग्रॅमची वाढ दिसेल. हाताला दोन्ही वेळा ती कोरडीच लागलेली असते. मला ही चाचणी सर्वांत विश्वासाची वाटते, कारण हात आणि गाल या बाबतीत फसतात आणि काटा फसत नाही.

आता एक नेहमीचं कपाट घेऊ. मुंबईतल्या एखाद्या घरातलं लोखंडी कपाट, आत सुती साड्या, चादरी, पंचे आणि झबली-दुपटी मिळून बारा किलो सुती कपडे. समजा ही आवराआवर जूनअखेरीला, पाऊस लागल्यावर झाली. कपडे दोन-तीन दिवस घरातच वाळले, हाताला कोरडे लागले आणि आत गेले. पण घरातली हवा तेव्हा ८५ टक्क्यांची होती, म्हणजे या सुतात त्याच्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी आहे. ते बिनधोक पातळीला, म्हणजे ६० टक्के आर्द्रतेशी जुळणाऱ्या साडेसात टक्क्यांच्या आसपास आणायचं तर बारा किलोतून अर्धा लिटरहून थोडं जास्त पाणी बाहेर निघायला हवं. ते बंद कपाटात जाणार कुठे? ते तिथेच राहतं आणि कपाटातली हवा ८५ टक्क्यांवर धरून ठेवते.

इथे लोक नव्या बुटांच्या खोक्यात मिळालेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. सिलिका जेल हवेतलं पाणी खरोखरच शोषतं, पण आपल्याला हव्या असलेल्या ६० टक्के आर्द्रतेला ते स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी धरतं. पाच ग्रॅमच्या दहा पुड्या म्हणजे पन्नास ग्रॅम जेल. ते बारा-पंधरा ग्रॅम पाणी ओढून तृप्त होणार. अर्धा लिटर ओढायचं तर दोनेक किलो जेल, म्हणजे अशा चारशेच्या आसपास पुड्या लागतील. शिवाय कपाट रोज उघडलं तर तेही पुरणार नाही. हवेतलं पाणी ओढून डबीत साठवणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यांची ताकद याहून पुष्कळ मोठी असते. पण डबीत साठतं ते खारट द्रावण असतं. ती कलंडली तर रेशीम, जरी, चामडं काहीही वाचत नाही. तो डबा ठेवायचाच तर कपाटाच्या तळाशी, ताटलीत, कपड्यांपासून लांब.

उलट हेच बारा किलो कपडे मे महिन्याच्या मध्यावर दुपारच्या उन्हात नीट तापवून आत ठेवले असते तर? मुंबईची मेमधली हवाही दमटच असते, पण उन्हात कापड पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतं आणि तेवढ्या तापलेल्या कापडालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता तिसाच्या आसपास उतरते. सुतात पाच टक्के पाणी उरतं. अशा कोरड्या सुताला ६५ टक्क्यांच्या पातळीला पोचण्यासाठी आणखी तीन टक्के, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमहून जास्त पाणी प्यावं लागतं. तोवर आत शिरणारी दमट हवा हे कपडेच कोरडी करत राहतात. कपाटात साधारण पाऊण-एक घनमीटर हवा असते. जुलैत दार सताड उघडून ती पूर्ण बदलली तर एका वेळी आठ-दहा ग्रॅम पाणी आत येतं. म्हणजे पस्तीस-चाळीस वेळा हवा बदलेपर्यंत ते कपाट सुरक्षित आहे. रोज उघडाल तर महिना-सव्वा महिना. आठवड्यातून एकदा उघडाल आणि दार घट्ट लागत असेल तर पावसाळा निघून जातो. कोरडे कपडे हेच त्या कपाटातलं सर्वांत मोठं शोषक असतं.

म्हणून माझा आग्रह असा, की रोजचे कपडे आणि ठेवणीतले कपडे एका कपाटात ठेवू नयेत. जागा नसेल तर ठेवणीतले कपडे घट्ट झाकणाच्या पेटीत किंवा डब्यात घालून मग कपाटात ठेवावेत. आणि ते उन्हातून काढून कोमट असतानाच, त्याच दुपारी बंद करावेत. रात्रभर पलंगावर ढीग पडून राहिला आणि सकाळी आवरला तर उन्हाची निम्मी मेहनत वाया जाते, कारण पातळ सुती कापड मोकळ्या हवेतून तासाभरातच पाणी परत ओढायला लागतं.

सुतावर सर्वाधिक लक्ष द्यायचं याला आणखी एक कारण आहे. सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोज पचवणाऱ्या बुरश्या मुबलक आहेत. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे दमट हवेत इतके भराभर कुजू लागले की त्यांच्या शास्त्रज्ञांनी त्यावरच्या बुरश्या गोळा करून अभ्यासायला घेतल्या. त्यांतली एक पुढे ट्रायकोडर्मा रीसाय या नावाने प्रसिद्ध झाली, आणि सेल्युलोज विरघळवणारी विकरं बनवायला आज जगभर तिचेच सुधारित वाण वापरतात. म्हणजे सुतावर वाढणारी बुरशी नुसती डाग पाडत नाही, ती धागा खाते. ठिपक्यांच्या जागी जुनी साडी विरते, बोट लावलं की फाटते, ते यामुळेच.

या बुरशीला सेल्युलोजपेक्षाही सोपा घास म्हणजे खळ. कांजीची असो, साबुदाण्याची असो की बाजारातल्या स्टार्चची, ठेवणीतल्या सुती साडीत ती राहू देऊ नये. खळीच्या साड्या आधी साध्या पाण्यातून दोनदा काढून, खळ पूर्ण घालवून, मगच ठेवाव्यात. खळ आणि कडक इस्त्री ही नेसायच्या आदल्या दिवशी करायची गोष्ट. इस्त्रीबद्दलही एक सूचना. पाणी शिंपडून किंवा वाफेच्या इस्त्रीने केलेला कपडा गरम असतो म्हणून कोरडा वाटतो, प्रत्यक्षात त्यात वाफ भरलेली असते. शेवटचा हात वाफ बंद करून, कोरड्या इस्त्रीने फिरवावा. परकराचा नेफा, शर्टाची कॉलर, जीन्सचे खिसे, दुहेरी शिवणी यांवरून इस्त्री फिरताना वाफ उठली तर तो कपडा अजून वाळलेला नाही असं समजावं, बाकीचा कितीही खडखडीत लागला तरी.

गोधडीचं तर सगळं अंगच नेफ्यासारखं असतं. चार-पाच जुन्या साड्यांचे थर, वर दाट टाके. बाहेरचा थर दोन तासांत वाळतो, मधले थर संध्याकाळपर्यंत ओले असतात. गोधड्या पावसाळ्याच्या तोंडावर धुवायच्याच नाहीत. एप्रिलमध्ये धुवाव्यात, सलग दोन-तीन दिवस उलटसुलट करून वाळवाव्यात, आणि तोलून पाहता येत असेल तर दोन दिवसांच्या दुपारचं वजन सारखं आल्यावरच गुंडाळाव्यात. वजन अजून उतरत असेल तर आत पाणी आहे.

रेशमाची गोष्ट वेगळी. रेशमाचा मूळ धागा हे प्रथिन आहे आणि बुरशीला ते सुताइतकं सहज पचत नाही. पैठणीवर बुरशी धरते तेव्हा ती बहुधा रेशमावर नसते. ती जेवणावळीत सांडलेल्या बासुंदीच्या थेंबावर, काखेतल्या घामावर, गजऱ्याच्या डागावर किंवा दुकानातून चढलेल्या पॉलिशवर धरते. टसरसारख्या रेशमात धाग्यावरचा नैसर्गिक डिंक काही प्रमाणात राहिलेला असतो, त्यामुळे ते थोडं जास्त जपावं लागतं. म्हणजे रेशमात मुख्य काम स्वच्छतेचं. लग्नात एकदाच नेसलेली पैठणी 'कुठे मळली आहे' म्हणून तशीच घडी घालून ठेवणं हीच मोठी चूक. नेसल्यावर ती एक रात्र पंख्याखाली सैल टाकावी, डाग उजेडात शोधावेत, असतील तर ड्रायक्लीनिंगला द्यावी. आणि तिथून आल्यावर पातळ प्लास्टिकचं आवरण लगेच काढून टाकावं. दुकानातून घरी येताना जो दमटपणा त्यात शिरलेला असतो तो तिथेच कोंडला जातो.

सुताला चालतं तसं कडक ऊन रेशमाला चालत नाही. उन्हाने रेशीम पिवळं पडतं आणि धागा कमजोर होतो. पैठणीला कोरड्या दिवशी, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, सावलीत वारा द्यावा, कारण दिवसभरात हवा सर्वांत कोरडी असते ती त्याच वेळी. मग जुन्या, अनेकदा धुतलेल्या मलमलीच्या किंवा धोतराच्या कापडात ती गुंडाळावी. नवीन कोरं कापड घेऊ नये, त्याला गिरणीची खळ असते. हे सुती वेष्टन अचानक आलेला दमटपणा आधी स्वतः पितं आणि रेशमापर्यंत तो हळू पोचतो. प्लास्टिकची पिशवी नेमकं उलट करते. आतलं आतच ठेवते, आणि तापमान उतरलं की तेच पाणी तिच्या आतल्या बाजूवर जमतं.

जरीचं दुखणं बुरशीचं नसलं तरी तेही दमटपणातूनच वाढतं. खरी जरी म्हणजे रेशमी किंवा सुती धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. चांदी गंधकयुक्त वायूंनी काळवंडते. रबर आणि लोकर यांतून असे वायू थोडेथोडे निघत असतात, म्हणून जरीच्या साड्यांना रबरबँड लावू नये आणि त्या स्वेटर-शालींच्या पेटीत ठेवू नयेत. नकली जरीत तांबं असतं. घाम आणि दमट हवा यांनी ते हिरवट-काळं पडतं आणि ते पूर्ववत होत नाही. अत्तराचा फवारा साडीवर मारण्याने तोच परिणाम साधतो, म्हणून अत्तर अंगाला लावावं, पदराला नाही. घड्या वर्षातून दोनदा, एकदा पावसाआधी आणि एकदा नंतर, वेगळ्या जागी पाडल्या की जरी एकाच रेषेवर तुटत नाही. त्या निमित्ताने साडी पूर्ण उलगडते आणि सुरुवातीचे डाग दिसतात हा मोठा फायदा.

लोकरीला बुरशीपेक्षा कसर जास्त छळते. तरी लोकर पाणी खूप धरते आणि ते हाताला कळू देत नाही, त्यामुळे स्वेटर आणि शाली सुती कपड्यांच्या पेटीत टाकल्या तर त्या शेजाऱ्यांना ओलं करू शकतात. त्या वेगळ्या ठेवाव्यात, धुवून, एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी वारा देऊन. घोंगडीसाठी एक खास गोष्ट. हातमागावरच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, आणि ती बुरशीला चांगली मानवते. नवी कडक घोंगडी पावसाळ्यात गुंडाळून ठेवली आणि तिला कुबट वास आला तर दोष बहुधा लोकरीचा नसतो, खळीचा असतो. ती पावसाळ्यात अंथरून वापरावी किंवा मोकळी टांगावी. घट्ट गुंडाळी करून माळ्यावर टाकू नये.

पॉलिस्टर, नायलॉन, जॉर्जेट यांच्या धाग्यावर बुरशीला खायला काही मिळत नाही. तरीही खेळाचे टीशर्ट वास मारतात. तो वास बुरशीचा नसून जिवाणूंचा असतो. पॉलिस्टर पाणी घेत नाही पण घामातलं तेल घट्ट धरतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरचे टीशर्ट तपासले तेव्हा सुतीपेक्षा पॉलिस्टरच्या टीशर्टांवर मायक्रोकॉकस हे वास निर्माण करणारे जिवाणू अधिक वाढलेले दिसले. असे कपडे घामट अवस्थेत टोपलीत साठवू नयेत, आणि सॉफ्टनर वापरू नये, कारण त्याचा थर तेलासकट धाग्यावर बसतो. पण सिंथेटिक साडीवर काळे ठिपके दिसले तर आधी फॉल पाहा. साडी पॉलिस्टरची असली तरी फॉल बहुतेकदा सुती किंवा सूतमिश्रित, आणि तोही खळीचा. ब्लाउजचं अस्तर, कोटाच्या खांद्यातली गादी, लेहेंग्याच्या कमरेतलं कडक बकरम यांचंही तेच. ठेवणीतल्या सिंथेटिक साडीला फॉल लावण्याआधी तो गरम पाण्यात भिजवून खळ काढून घेतला तर हा प्रश्न येत नाही. शिंपी तो आटू नये म्हणून भिजवायला सांगतातच. ते पाणी गरम असावं आणि दोनदा बदलावं, एवढंच जास्तीचं.

आता कपाट कुठे आणि कसं. पावसाचा मारा येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला ते टेकलेलं नसावं, कारण ती भिंत घरात सर्वांत थंड असते आणि थंड पृष्ठभागालगत तीच हवा जास्त आर्द्र होते. मागे चार बोटं जागा सोडावी. खालचा खण जमिनीलगत असेल तर त्यात रोजचे पायपुसणे-टॉवेल ठेवावेत, पैठणी नाही. आणि 'हवा खेळू द्या' म्हणून जुलैत सकाळी कपाट सताड उघडं ठेवण्याचा जो सल्ला मिळतो तो किनारपट्टीवर बहुतेक दिवशी चुकीचा आहे. बाहेरची हवा कपाटातल्या हवेपेक्षा दमट असताना दार उघडलं तर आपण पाणी आत घेतो. हे ठरवायला छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्यावा, तो काहीशे रुपयांत मिळतो. तो बरोबर दाखवतो का ते घरी तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबथेंब पाणी घालत दाट चिखलासारखं करावं, ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवावं. सकाळी आकडा ७५ च्या जवळ हवा. ७९ दाखवत असेल तर यापुढे त्याच्या आकड्यातून चार वजा करावेत. मग तो कपाटात मधल्या खणात ठेवावा. ६५ च्या आत असेल तर कपाट उघडू नये, काही करू नये. ७० च्या वर गेला तर मात्र उपाय हवा.

उपाय दोन. घरात एसी असेल तर त्या खोलीची दारं-खिडक्या लावून एसी सुरू करावा, त्यानंतर कपाट उघडून कपड्यांच्या थप्प्या सैल कराव्यात आणि दोन-तीन तासांनी, एसी बंद करण्याच्या आधी, कपाट लावून घ्यावं. एसीच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी हे त्या खोलीच्या हवेतून आलेलं असतं. दुसरा उपाय जुन्या घरांतला, कपाटाच्या तळाशी दिवा लावण्याचा. तो खरोखर चालतो आणि कारण सोपं आहे. २७ अंशांची, ८८ टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहूनही सापेक्ष आर्द्रता ६६ वर येते. पण तो दिवा तारेचा, गरम होणारा होता. एलईडी बल्ब इतका कमी तापतो की त्याने हे साधत नाही. आणि गरम बल्बला कपडा टेकला तर आग लागते. जाळीचं संरक्षण, कपड्यांपासून हातभर अंतर आणि घरात कुणी जागं असणं या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

डांबर गोळ्यांचा उपयोग कसरीसाठी, आणि तोही घट्ट पेटीत पुरेशा प्रमाणात ठेवल्या तरच. त्या रेशमाला किंवा जरीला थेट टेकू देऊ नयेत, सुती पुरचुंडीत बांधाव्यात. आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या कधीही ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. नॅफ्थलिनच्या वाफेने अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. आजीने मायेने डांबर गोळ्यांत जपून ठेवलेली झबली पहिल्यांदा अंगावर घालताना हे घडलेलं आहे. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पूर्ण वाळलेला, कुरकुरीत ठेवावा. ओला पाला म्हणजे कपाटात आणखी पाणी.

एवढं करूनही बुरशी दिसली तर प्रथम नुसता वास आहे, पांढरट भुकटी आहे की काळे ठिपके आहेत हे पाहावं. कपडा घरात झटकू नये. नाकावर मास्क लावून तो गच्चीत किंवा गॅलरीत न्यावा, विशेषतः घरात दम्याचं माणूस असेल तर. तो आधी पूर्ण वाळू द्यावा, कारण ओली बुरशी ब्रशने घासली की धाग्यात शिरते. वाळल्यावर मऊ ब्रशने भुकटी झाडावी. मग सुती कपडा वॉशिंग सोडा आणि साबण घालून ६० अंशांच्या पाण्यात धुवावा आणि उन्हात तापवावा. वास त्याने जातो. पांढऱ्या सुतावरचे डाग क्लोरीनच्या ब्लीचने, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, फिके होतात. रंगीत सुतासाठी ऑक्सिजन ब्लीच घ्यावं आणि आधी आतल्या शिवणीवर थेंब लावून रंग जातो का ते पाहावं. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रेशमावर आणि लोकरीवर क्लोरीन ब्लीच थेंबभरही चालत नाही, ते प्रथिनाचा धागा विरघळवतं. तिथे ब्रश, वारा आणि ड्रायक्लीनिंग, एवढंच. ड्रायक्लीनिंगला देताना हा डाग बुरशीचा आहे हे सांगावं.

काळे ठिपके त्यानंतरही राहतात. तो बुरशीचा स्वतःचा रंग असतो, धाग्याच्या आत बसलेला, आणि तो घासून काढण्याच्या नादात आधीच कमजोर झालेलं कापड फाटतं. कपडा स्वच्छ आणि कोरडा असेल तर ते ठिपके पसरत नाहीत. तो पुन्हा ठेवताना मात्र इतर कपड्यांत मिसळण्याआधी आठवडाभर वेगळ्या, बंद डब्यात आर्द्रतामापकासह ठेवावा. आकडा ६५ च्या आत राहिला आणि झाकण उघडल्यावर वास आला नाही तर तो कपाटात परत जाऊ शकतो.